शाळेच्या फाटकाबाहेरचं कलम ५१ क

आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीला संविधानाची उद्देशिका, प्रतिज्ञा आणि राष्ट्रगीत यांच्या जोडीला नागरिकांची मूलभूत कर्तव्यं छापलेली असतात. संविधानावर बोलायला मी शाळांमध्ये जातो तेव्हा मुलांना ते पान उघडायला सांगतो आणि विचारतो, ‘सार्वजनिक जागा स्वच्छ ठेवा’ हे यातलं कितवं कर्तव्य? मुलं भराभर बोटं फिरवतात. कुणी सातवं म्हणतं, कुणी नववं. मग हळूहळू त्यांच्या लक्षात येतं की असं वेगळं कर्तव्य अकरांमध्ये कुठेच लिहिलेलं नाही.

तरीही दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. सातवं कर्तव्य वनं, तळी, नद्या आणि वन्यजीव यांच्यासह निसर्गाचं रक्षण करायला सांगतं. नववं सार्वजनिक मालमत्ता जपायला आणि हिंसेपासून दूर राहायला सांगतं. रस्ता, मैदान, एसटी स्टँड, शाळेचं फाटक ही सगळ्यांची मालमत्ता, आणि तिथे पडलेला कचरा पहिल्या पावसात ओढ्याला जाऊन मिळतो. स्वच्छतेचं कर्तव्य या दोघांतून मिळून निघतं, आणि ते कसं निघतं हे मुलांना एकदा कळलं की अकरा वाक्यं पाठ करण्याची फारशी गरज उरत नाही.

मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘नाही पाळलं तर शिक्षा आहे का?’ त्याचं उत्तर सरळ द्यावं. ही कर्तव्यं मूळ संविधानात नव्हती. आणीबाणीच्या काळात सरदार स्वर्णसिंग समितीच्या शिफारशीनंतर १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ५१ क आलं आणि दहा कर्तव्यं आली. अकरावं, म्हणजे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी देण्याचं पालकांचं कर्तव्य, २००२ मध्ये जोडलं गेलं. कर्तव्य न पाळणाऱ्याला शिक्षा असावी असं समितीने सुचवलं होतं, पण ते स्वीकारलं गेलं नाही. त्यामुळे केवळ कलम ५१ क मोडलं म्हणून कुणाला न्यायालयात उभं करता येत नाही. शिक्षा असते ती संसदेने आणि विधिमंडळाने केलेल्या वेगळ्या कायद्यांत. दगड मारून एसटीची काच फोडली, तर १९८४ च्या सार्वजनिक मालमत्तेच्या कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सहलीला गेल्यावर केंद्राने संरक्षित केलेल्या किल्ल्याच्या भिंतीवर नाव कोरलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे ऐकून वर्ग एकदम गप्प होतो. मला मात्र मुलांना तिथे थांबवायचं नसतं. शिक्षेची भीती हा कर्तव्याचा सगळ्यात लहान भाग आहे. कलम ५१ क चं खरं काम कुठे दिसलं, ते सांगण्यासाठी मी त्यांना कानपूरला नेतो.

एम. सी. मेहता हे दिल्लीतले वकील. गंगेत सोडल्या जाणाऱ्या घाणीबद्दल त्यांनी १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्यातला कातडी कमावण्याच्या कारखान्यांचा भाग १९८७ मध्ये निकाली निघाला. जानेवारी १९८८ चा निकाल कानपूरच्या महापालिकेबद्दलचा होता. तिथे गटारांचं पाणी प्रक्रियेविना नदीत जात होतं, शहरातल्या गोठ्यांचं शेण नदीत जात होतं, अर्धवट जळालेली प्रेतंही नदीत सोडली जात होती. मेहता गंगाकाठी राहत नव्हते, त्यांची तिथे जमीन नव्हती. मग या माणसाचा इथे काय संबंध? न्यायालयाने म्हटलं की गंगेचं पाणी वापरणाऱ्या लोकांच्या जिवाची काळजी असलेला हा माणूस आहे आणि याचिका करण्याचा त्याचा हक्क नाकारता येणार नाही.

त्या निकालात न्यायालयाने सातव्या कर्तव्याचा आधार घेऊन केंद्र सरकारला एक महत्त्वाची गोष्ट सांगितली: देशभरातल्या शाळांमध्ये पहिल्या दहा इयत्तांत निसर्गाच्या रक्षणाबद्दल आठवड्यातून किमान एक तास शिकवलं जावं आणि त्यासाठीची पुस्तकं मोफत मिळावीत. गाव किंवा शहर स्वच्छ ठेवण्याचा एक आठवडा वर्षातून निदान एकदा पाळला जावा आणि त्यात मंत्री, आमदार, न्यायाधीश यांनीही भाग घ्यावा, असंही सुचवलं. सगळ्यात मोठे आदेश मात्र महापालिकेला होते. शेण उचला, गटारांची क्षमता वाढवा, गरिबांच्या वस्तीत शौचालयं बांधा.

मुलांना मी इथे जरा वेळ थांबायला सांगतो. कर्तव्य नागरिकाचं, पण ते हातात घेऊन एक नागरिक न्यायालयात गेला आणि आदेश मिळाले महापालिकेला. म्हणजे कर्तव्य फक्त ‘कचरा टाकू नकोस’ एवढंच सांगत नाही. ज्याचं काम आहे त्याच्याकडून ते करून घेणं हाही त्याचाच भाग आहे. आपल्याकडे मुलांना कर्तव्यं शिकवताना ही दुसरी बाजू जवळजवळ नेहमी राहून जाते, आणि मग कर्तव्य म्हणजे मोठ्यांचं ऐकणं असा समज होतो. तो समज चुकीचा आहे.

आता शाळेच्या फाटकाकडे येऊ. भाषण संपल्यावर मी आठवी-नववीच्या वर्गाला एक काम देतो. फाटकाबाहेरची एखादी ठरावीक जागा घ्या, साधारण वर्गखोलीएवढी. सलग आठवडाभर शाळा सुटल्यावर अर्ध्या तासाने तिथे काय पडलंय ते पाहा आणि वहीत लिहा. हात लावायचा नाही, फक्त मोजायचं. चहाचे कप, भेळेचे कागद, पाण्याच्या बाटल्या, कुरकुरीत पदार्थांची चकचकीत पाकिटं, पेप्सीकोल्याच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, केळ्याची सालं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरण्याआधी पुन्हा तीच जागा पाहायची.

सकाळच्या नोंदीत एक गोष्ट हमखास दिसते. बाटल्या गेलेल्या असतात, पुठ्ठा गेलेला असतो, पाकिटं आणि पुड्या तशाच असतात. रात्री किंवा पहाटे कचरावेचक बाई येऊन गेलेली असते आणि ज्याला भंगारात भाव आहे ते तिने उचललेलं असतं. बाटलीचं प्लॅस्टिक एकाच जातीचं असतं, ते वितळवून पुन्हा वापरता येतं. चकचकीत पाकिटात मात्र प्लॅस्टिकचे थर आणि त्यांवर धातूचा अतिशय पातळ मुलामा एकमेकांना चिकटवलेला असतो. ते थर सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला ते घेत नाही आणि ते जागेवर राहतं. ते उडून गटारात जातं, गटार तुंबतं, आणि जून-जुलैत शाळेसमोर पाणी साचतं. ‘लोक घाण करतात’ एवढ्या वाक्यातून हे काहीच कळत नाही. वहीतल्या नोंदीतून कळतं.

मग त्या यादीसमोर तीन रकाने आखायचे: आपण काय करू शकतो, टपरीवाले आणि दुकानदार काय करू शकतात, आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिका काय करू शकते. पाकीट दप्तरात ठेवून घरच्या सुक्या कचऱ्यात टाकणं पहिल्या रकान्यात. भेळवाल्याने गाडीशी डबा ठेवणं दुसऱ्यात. तो डबा रोज रिकामा होणं आणि गटार पावसाळ्यापूर्वी उपसणं तिसऱ्यात. ज्या शाळेसमोर डबा आहे पण तो चार-चार दिवस उचलला जात नाही, तिथे पहिल्या रकान्यावर कितीही भाषणं दिली तरी कचरा डब्याभोवतीच साचणार. ओलं-सुकं वेगळं करण्याचंही तसंच आहे. केळ्याचं साल आणि कागद एकत्र पडले की कागद भिजतो, त्याला भाव राहत नाही, आणि ओल्याचं खतही नीट होत नाही. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी घरांवर आणि दुकानांवर टाकली. पण घंटागाडीत सगळं पुन्हा एकत्र ओतलं जात असेल, तर तेही मुलांनी वहीत लिहिलं पाहिजे.

एका बाबतीत शिक्षकांनी फार जपावं. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून मुलाला वर्ग झाडायला किंवा मैदान साफ करायला लावलं की झाडू म्हणजे अपमान हे त्याच्या मनात पक्कं बसतं. आपल्या समाजात सफाईचं काम जातीने ठराविक लोकांच्या माथी मारलं गेलं, त्या इतिहासावर शाळेनेच शिक्का मारल्यासारखं होतं. पाचवं कर्तव्य बंधुभावाचं आहे, ते इथेच मोडतं. गाडगेबाबा गावात गेले की आधी स्वतः खराटा घेऊन गाव झाडत आणि मग रात्री कीर्तन करत. खराटा हातात घेतला म्हणून त्यांचा मान कमी झाला नाही. शाळेत सफाई करायची तर मुख्याध्यापकांपासून सगळ्यांनी पाळीने करावी, हातमोजे घालून करावी, आणि फुटक्या काचा, सुया, ब्लेड यांना मुलांनी हात लावू नये. शक्य असेल तर आपल्याच भागातल्या सफाई कामगार ताईंना किंवा कचरावेचक मावशींना वर्गात बोलवावं. कुठल्या वस्तूने हात कापतो, कुठली पिशवी उघडताना भीती वाटते, हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगू शकत नाही. त्यांच्याकडून एकदा ऐकलं की फुटका ग्लास कागदात गुंडाळून त्यावर खूण करून द्यायचा हे मुलं विसरत नाहीत.

आठवडा संपला की वहीतल्या नोंदींवरून अर्ज लिहायचा. मुलं अठरा वर्षांखालची, ग्रामसभेत मत देऊ शकत नाहीत, पण अर्ज करायला वयाची अट नाही. मुख्याध्यापकांच्या सहीनिशी तो ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला किंवा शहरात असाल तर वॉर्ड ऑफिसला द्यावा. अर्जात ‘परिसर अस्वच्छ आहे, कार्यवाही व्हावी’ एवढंच लिहिलं तर तो फायलीत जाऊन बसतो. कुठली जागा, कुठल्या तारखा, डबा किती दिवस उचलला नाही, गटाराचं तोंड नेमकं कुठे तुंबलंय, आणि शाळेने व टपरीवाल्यांनी आपल्या बाजूने काय सुरू केलंय, हे सगळं लिहावं. आपण काय करतो आहोत ते आधी आणि तुम्ही काय करावं ते नंतर, असा अर्ज वाचणाऱ्याला टाळता येत नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे की येत्या २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनाला कर्तव्यांचं नुसतं सामूहिक वाचन करू नका. त्याच्या आधीच्या आठवड्यात फाटकाबाहेरची नोंद पूर्ण करा आणि त्या दिवशी मुलांना घेऊन अर्ज द्यायला जा. जाताना दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.