गणिताचे ६० की मराठीचे ७२?

एका मुलीला मराठीत ७२ आणि गणितात ६० गुण मिळाले. घरचे म्हणतील, गणित कच्चं आहे. पण वर्गाची सरासरी मराठीत ६८ होती, गणितात ४५. गुणांचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, मराठीत ८ आणि गणितात १०. मराठीत ती सरासरीच्या ४ गुण पुढे, म्हणजे अर्धं विचलन. गणितात १५ गुण पुढे, म्हणजे दीड. याला दहाने गुणून ५० मिळवले की टी-गुण येतो: मराठीत ५५, गणितात ६५. गणितच तिचं बलस्थान!

स्टेनाइनमध्ये याच पट्टीचे नऊ टप्पे असतात, मधला पाचवा. ती मराठीत सहाव्या, गणितात आठव्या टप्प्यावर आहे. मात्र टी-गुण ५३ आणि ५७ दोन्ही सहाव्यातच, तर ५७ आणि ५८ वेगळ्या टप्प्यांत. म्हणून काठावरच्या मुलांचा निकाल एवढ्यावर ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

पेपर फारच सोपा असेल तर हे गणित फसतं. सरासरी ८५ आणि विचलन १२ असेल, तर शंभरपैकी शंभर मिळवणाऱ्यालाही टी-गुण जेमतेम ६२.५ मिळतो. अशा वेळी आधी मुलांचा क्रम लावून, त्यावरून टी-गुण काढावा. आणि दोन्ही पेपर एकाच गटाने दिलेले हवेत. नाहीतर तुलनाच खोटी.