बाटलीखालची बाटली

जाहिरातीत अत्तराची बाटली काळ्याभोर, चकचकीत पृष्ठभागावर उभी असते. तिच्या तळाला लागूनच प्रतिबिंब सुरू होतं, तिथे ते ठसठशीत असतं आणि खाली सरकत अंधारात विरतं. पुष्कळांना ही निव्वळ संगणकाची करामत वाटते. पण त्यामागचा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यांनी १८२०च्या दशकातच मांडला होता: चकचकीत पृष्ठभागाकडे जितकं तिरकं पाहावं तितका तो जास्त प्रकाश परत फेकतो, आणि वरून सरळ पाहिलं तर फारच थोडा.

समजा, वीस सेंटिमीटर उंचीची बाटली काळ्या अॅक्रिलिकच्या शीटवर ठेवली आहे. कॅमेरा तिच्यापासून एक मीटरवर, शीटपासून तीस सेंटिमीटर उंच आहे. बाटलीच्या तळाचं प्रतिबिंब कॅमेऱ्याला सुमारे १७ अंशांच्या तिरक्या नजरेनं दिसतं, आणि तिथे साधारण २२ टक्के प्रकाश परततो. झाकणाचं प्रतिबिंब मात्र शीटवर कॅमेऱ्याच्या बरंच जवळ पडतं. तिथे नजर सुमारे २७ अंशांची होते आणि परतणारा प्रकाश ११ टक्क्यांवर येतो. म्हणजे वीस सेंटिमीटरांत उजेड निम्मा झाला. शीट किंचित खरखरीत असेल, तर तळापासून दूर जाताना कडाही पुसट होत जातात. उरलेला अंधार छायाचित्रकार नंतर संगणकावर वाढवतो.

म्हणूनच इथे घरातला आरसा चालत नाही. त्याच्या मागच्या चंदेरी थरामुळे प्रतिबिंब जवळपास मूळ वस्तूइतकंच उजळ राहतं, शिवाय काचेच्या जाडीमुळे बाटली आणि प्रतिबिंब यांच्यात फट दिसते. लेन्सवरचा पोलरायझर फिल्टरही काढून ठेवावा, कारण तो नेमकी हीच चमक खाऊन टाकू शकतो.

फोटोशॉपमध्ये हेच करायचं तर बाटलीच्या लेयरची प्रत काढून Flip Vertical करतात आणि तळाला तळ भिडवतात. मग Layer Mask वर काळा-पांढरा ग्रेडियंट ओढतात. सुरुवातीलाच प्रत पूर्ण उजळ ठेवली की खोटेपणा लगेच जाणवतो; अशा चित्रात ती पाव भाग उजळ असली तरी पुरे. मास्कमधूनच खालच्या टोकाला थोडा Gaussian Blur द्यावा.

गोल बाटलीला ही युक्ती बऱ्यापैकी चालते, कोपऱ्यातून टिपलेल्या खोक्याला चालत नाही. उलटवलेल्या खोक्याच्या तळाच्या कडा मूळ कडांना विरुद्ध दिशेनं जातात, त्यामुळे दोन्ही बाजू वेगळ्या कापून तिरक्या ओढून जुळवाव्या लागतात.

खऱ्या प्रतिबिंबात वस्तू आपल्याला खालून पाहिल्यासारखी दिसते. तेव्हा अशी जाहिरात दिसली की झाकणाकडे नीट पाहा. झाकणाचा वरचा चपटा भाग प्रतिबिंबातही दिसत असेल, तर ते प्रतिबिंब नाही, उलटवून चिकटवलेली प्रत आहे.