हळद-कांदा घशापुरता, छातीसाठी श्वास मोजा

मूल खोकायला लागलं की घरात दोन गोष्टी हमखास निघतात: हळदीचं दूध आणि कांद्याचा रस. सर्दीबरोबर आलेल्या साध्या खोकल्यात दोन्ही द्यायला हरकत नाही, पण मूल वर्षाच्या पुढचं हवं. कांद्याच्या रसात मध पडतो. मधात कधीकधी असे जिवाणू सुप्त रूपात असतात, की ते तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. म्हणून वर्षाच्या आत मधाचं बोटही चाटवू नये, घरातल्या मोठ्यांनी कितीही आग्रह केला तरी.

रसासाठी अर्धा लहान कांदा बारीक चिरून त्यावर दोन चमचे मध घालावा आणि वाटी दोनेक तास झाकून ठेवावी. सुटलेलं पाणी गाळून घ्यावं, कारण कांद्याचा तुकडा ठसका लागून श्वासनलिकेत जाऊ शकतो. गाळलेल्या रसाची वाटी गरम पाण्यात ठेवून रस कोमट करावा आणि झोपताना अर्धा चमचा द्यावा. रात्रीचा खोकला मधाने थोडा कमी होतो, हे मुलांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. कांद्याच्या बाजूने तसा भक्कम पुरावा नाही. हळदीचंही तसंच. अर्धा कप दुधात दोन चिमूट हळद घालून उकळावी आणि दूध कोमट झाल्यावर पाजावं. ऊबदार घोटाने घसा निवतो, एवढंच. उकळत्या पाण्याची वाफ मात्र लहान मुलाला देऊ नये, भाजण्याची भीती असते.

हे सगळं घशापुरतं. न्यूमोनिया, म्हणजे गावाकडे ज्याला ‘डबा’ म्हणतात, तो कांद्या-हळदीने हटत नाही. तो ओळखायला घड्याळ पुरतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत गावातल्या आरोग्यदूतांना आणि दायांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. आईलाही ते जमतं.

समजा, अडीच वर्षांची मुलगी दोन दिवस खोकते आहे. ती शांत झोपली की तिचा झबला वर करावा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजावं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, चूक होते. 32 आले, तर घरचा उपाय चालू ठेवावा. 46 आले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला 40 किंवा जास्त असले की ते जलद धरतात.

श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय, ओठ निळसर पडलेत, शांत असतानाही श्वासाला घरघर आवाज येतोय, मूल पाणी पीत नाही, सगळं उलटून टाकतंय, झटका आला किंवा जागं करूनही सुस्त आहे, तर रात्र असली तरी थांबू नये. शेंगदाणा खाताना अचानक खोकला सुरू झाला, तर तो अडकलेला असू शकतो. तेव्हा काही पाजू नका, थेट दवाखान्यात न्या. दोन आठवडे न हटणारा खोकलाही डॉक्टरांना दाखवायलाच हवा. आणि मोठ्या भावंडाच्या खोकल्याच्या औषधाची उरलेली बाटली लहानग्यासाठी उघडू नका.