उलटलेली होडी सोडू नये

कोलकात्याच्या दक्षिण भागात रवींद्र सरोवर हा विस्तीर्ण जलाशय आहे. १९२० नंतरच्या दशकात तो खोदण्यात आला. पूर्वी त्यास ढाकुरिया सरोवर म्हणत. आज त्याच्या काठी वल्हे मारण्याचे शिक्षण देणाऱ्या जुन्या संस्था आहेत. २१ मे २०२२ रोजी सायंकाळी शालेय स्पर्धेचा सराव करणाऱ्या मुलांची एक होडी तेथे अकस्मात आलेल्या वादळात उलटली. होडीत पाच मुले होती. तिघे वाचले, चौदा वर्षांचे दोघे बुडाले.

हे वादळ बंगालला अपरिचित नाही. मार्च ते मे या महिन्यांत दुपारनंतर वायव्येकडून येणाऱ्या अशा वादळास तेथे ‘कालबैशाखी’ म्हणतात. वायव्य क्षितिज काळवंडते, काही वेळ हवा पडल्यासारखी होते आणि मग एकाएकी थंड वाऱ्याचा लोट येतो. थंड झोत अंगाला लागेपर्यंत वाट पाहणाऱ्यास काठ गाठण्याइतका अवधी क्वचितच मिळतो. म्हणून आकाश काळे होताच होडी काठाला लावावी, हा पहिला नियम होय. परंतु तो पाळणे साधले नाही आणि होडी उलटली, तर काय करावे?

त्यासाठी प्रथम ही होडी कशी असते ते पाहू. चार वल्हेकरी आणि एक सुकाण्या यांची शर्यतीची होडी सुमारे तेरा मीटर लांब असते. पाण्यालगत तिची रुंदी मात्र अर्ध्या मीटरच्या आसपासच असते. एवढ्या अरुंद तळावर ती स्वतःच्या आकारामुळे स्थिर राहत नाही. दोन्ही बाजूंना पसरलेली वल्हीच तिला तोलून धरतात. यास्तव वाऱ्यात सापडल्यास वल्ही मारणे थांबवावे, त्यांची पाती पाण्यावर आडवी टेकवावी आणि मुठी घट्ट धराव्यात. भीतीने एकाने जरी वल्हे सोडले, तरी त्या बाजूचा आधार जाऊन होडी कलंडते.

वल्हेकऱ्याचे पाय होडीत बसविलेल्या बुटांत असतात. होडी उलटताच ते प्रथम सोडवावे लागतात. याकरिता बुटांच्या टाचा थोड्याच उचलल्या जातील अशा दोरीने बांधलेल्या असतात आणि बुटाचा पट्टा एका ओढीने सुटावा अशी योजना असते. टाचेची दोरी तुटलेली असेल, तर पायाबरोबर बूटही वर येतो आणि पाय अडकतो. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी दोऱ्या आणि पट्टे तपासणे आवश्यक आहे.

पाय सुटून डोके वर आले, की मनात पहिला विचार येतो तो काठाकडे पोहत जाण्याचा. काठ डोळ्यांसमोर असतो आणि पोहता येत असते. हाच विचार घातक ठरू शकतो. शांत पाण्यात जे अंतर सहज तोडता येते, तेच लाटांत तोडताना प्रत्येक श्वासाबरोबर तोंडात पाणी जाते. वल्हे मारून दमलेल्या शरीरास अंगावरचे कपडे ओढू लागतात. शिवाय पावसाच्या झडीत पाण्यावरचे एकटे डोके बचाव करणाऱ्यास दिसत नाही. तेरा मीटर लांबीची होडी मात्र दिसते.

आता होडी किती आधार देऊ शकते याचा हिशेब करू. गोड्या पाण्यात मनुष्याचे शरीर जेमतेम तरंगते. छातीत हवा भरलेली असता ते किंचित वर राहते, श्वास सोडताच खाली जाऊ लागते. डोके पूर्णपणे पाण्याबाहेर ठेवायचे, तर त्याचा सुमारे चार-पाच किलो भार कोणीतरी उचलावा लागतो. पोहणारा तो हातपाय मारून उचलतो, म्हणून दमतो. पाच जणांचा हा भार मिळून पंचवीस किलोपेक्षा अधिक होत नाही. उलट प्रत्येकी पंचावन्न किलो वजनाची पाचही मुले होडीवर चढून बसू लागली, तर भार पावणेतीनशे किलो होईल. शिवाय गोल तळाची होडी त्यांच्याखाली फिरेल. धरून राहण्यास फारच थोडा आधार पुरतो, चढून बसण्यास मात्र पुष्कळ लागतो, हे या हिशेबाचे सार आहे.

हा आधार होडीच्या दोन्ही टोकांच्या आणि बैठकींखालच्या बंद हवाकोशांतून मिळतो. शर्यतीच्या नव्या होड्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियम असा आहे, की होडी पाण्याने भरलेली आणि वल्हेकरी जागेवर बसलेले असतानाही बैठकीचा वरचा पृष्ठभाग पाण्याखाली पाच सेंटीमीटरहून अधिक जाता कामा नये. मात्र हवाकोशांची झाकणे उघडी राहिली, तर या व्यवस्थेचा काही उपयोग नाही. जुन्या होडीत असे कोश नसतील, तर काठाजवळच्या उथळ पाण्यात ती एकदा मुद्दाम भरून पाहावी. ती किती आधार देते हे तेव्हाच कळेल.

म्हणून कृतीचा क्रम असा: वर येताच होडीस हात घालावा. सुकाण्याने एकेकाचे नाव घेऊन गणती करावी आणि प्रत्येकाने मोठ्याने उत्तर द्यावे. कोणी कमी असेल, तर प्रथम होडीखाली शोधावे. मग दोन्ही बाजूंस समोरासमोर राहून उलट्या तळावरून परस्परांचे मनगट धरावे. त्यामुळे होडी फिरत नाही आणि एकाचे बळ गेले तरी दुसरा त्यास धरतो. छाती शक्य तेवढी तळावर टेकवावी. वादळाचा जोर ओसरला, की सर्वांनी एकाच दिशेने पाय मारीत होडी काठाकडे न्यावी. होडी आणि काठाची भिंत यांच्यामध्ये कोणीही राहू नये. पाण्याने भरलेल्या होडीचा धक्का फार जड असतो.

कयाक या एकट्याने चालवावयाच्या बंद होडीची रीत थोडी निराळी आहे. तिच्या बैठकीचे तोंड कमरेभोवतीच्या आच्छादनाने झाकलेले असते. उलटल्यावर पुढे वाकावे, आच्छादनाचा पुढचा फास आधी पुढे व मग वर ओढावा, आणि दोन्ही हात कमरेजवळ टेकून पायजमा उतरवावा तसे पाय बाहेर काढावेत. मागे रेलल्यास मांड्या अडकतात. बाहेर आल्यावर एका हाताने कयाक व दुसऱ्याने वल्हे धरावे, कयाक सुलटी करावी, मागच्या भागावर पालथे पडून सरकत बैठकीपर्यंत यावे आणि बसल्यावर पाणी उपसावे. ही रीत काठाजवळ, जाणकार सोबत असताना, पुनःपुन्हा केली असेल तरच संकटात साधते.

या नियमास अपवादही आहे. होडी स्वतःच बुडू लागली, अथवा प्रवाह तिला बंधाऱ्याकडे किंवा हुगळीसारख्या नदीत नांगरलेल्या पडावांवर नेऊ लागला, तर ती सोडावी; तरीही एखादे वल्हे काखेत धरून, कारण वल्हेही तरंगते. शर्यतीचे वल्हेकरी बहुधा तरंगते जाकीट घालीत नाहीत. त्यामुळे त्यांच्याजवळ होडीखेरीज दुसरा आधार नसतो, आणि मदत येईपर्यंतचा वेळ त्यांना तिलाच धरून काढावयाचा असतो. ती मदत लवकर यावी, यासाठी सराव चालू असेतोवर बचावाची होडी पाण्यात सज्ज असलीच पाहिजे.