पुन्हा लोड केलं, तरी नेम का चुकतो?

‘एक्सकॉम: एनिमी अननोन’ हा फिरॅक्सिस या अमेरिकन कंपनीने २०१२ साली आणलेला गेम. पृथ्वीवर परग्रहवासी उतरले आहेत आणि मोजक्या सैनिकांची तुकडी घेऊन आपण त्यांच्याशी लढतो. खेळ पाळीपाळीने चालतो. आधी आपले सगळे सैनिक हलतात, मग शत्रू. गोळी झाडण्याआधी नेम लागण्याची शक्यता पडद्यावर दिसते, समजा ६५ टक्के. मेलेला सैनिक परत मिळत नाही. ज्याला नाव दिलं, बढत्या दिल्या, चांगली बंदूक दिली, तो एका चुकलेल्या नेमामुळे कायमचा जाऊ शकतो.

म्हणून कित्येक खेळाडू महत्त्वाच्या गोळीआधी गेम सेव्ह करून ठेवतात. नेम चुकला की जुनी सेव्ह उघडायची आणि पुन्हा गोळी झाडायची. मनासारखं होईपर्यंत हे करत राहणं म्हणजे ‘सेव्ह स्कमिंग’. पण एक्सकॉममध्ये ते करायला गेलेला नवखा खेळाडू चक्रावून जातो. तोच सैनिक, तीच जागा, तोच शत्रू. पाच वेळा लोड करा, पाचही वेळा नेम चुकतो. शक्यता ६५ टक्के आहे तर एकदा तरी लागायला नको का? गेम आपल्याला फसवतोय, अशी शंका इथे बहुतेकांच्या मनात येते. गेम फसवत नसतो. काय घडतं ते समजून घ्यायचं तर संगणक ‘नशीब’ कुठून आणतो, हे पाहावं लागेल.

संगणक फासे टाकत नाही, हिशेब करतो. त्याच्याकडे एक आकडा असतो. त्यावर ठरलेली आकडेमोड करून तो पुढचा आकडा काढतो, त्यावरून त्याच्या पुढचा. या मालिकेची सुरुवात ज्या आकड्यापासून होते त्याला ‘सीड’ म्हणतात. मालिका बघणाऱ्याला विस्कळीत वाटते, पण सीड तोच असेल तर ती अक्षर न् अक्षर तशीच येते. ‘माइनक्राफ्ट’मध्ये दोन मित्रांनी एकाच आवृत्तीत एकच सीड टाकला, तर दोघांनाही तेच डोंगर आणि त्याच नद्या मिळतात, त्या याच कारणाने.

कागदावर करून पाहता येईल असा एक छोटा नियम घेऊ. हातातल्या आकड्याला २१ने गुणायचं, त्यात ५३ मिळवायचे आणि उत्तराचे फक्त शेवटचे दोन अंक ठेवायचे. सीड ४२ घेतला तर ४२ गुणिले २१ म्हणजे ८८२, अधिक ५३ म्हणजे ९३५. शेवटचे दोन अंक ३५. आता ३५वर तोच नियम लावला की ७८८ येतात, म्हणजे ८८. त्यापुढे ०१, ७४, ०७ आणि ००. या नियमाने ०० ते ९९ हे शंभरही आकडे एकेकदा येऊन जातात आणि मग मालिका पुन्हा ४२वर येते.

नीट पाहिलं तर या मालिकेतला दोषही दिसतो. शेवटचे अंक लिहून काढा: २, ५, ८, १, ४, ७, ०. दर वेळी तीन वाढतात, दहाच्या पुढे गेले की एकक तेवढा उरतो. हे एकदा लक्षात आलं की पुढच्या आकड्याचा शेवटचा अंक कुणालाही सांगता येईल. गुणा, मिळवा आणि उरलेलं ठेवा, या पद्धतीची खरी सूत्रं जुन्या गेममध्ये सर्रास वापरली गेली आणि तिथेही आकड्याचा शेवटाकडचा भाग असाच कच्चा असतो. म्हणून जाणकार प्रोग्रामर त्या पद्धतीत आकड्याचा पुढचा भाग वापरतात किंवा अधिक गुंतागुंतीचं सूत्र घेतात. १९९७ साली माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी मांडलेलं ‘मर्सेन ट्विस्टर’ हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. मात्र सूत्र कितीही चांगलं असलं, तरी आरंभीची स्थिती तीच असेल तर मालिका तीच येणार.

आता युद्धभूमीवर परत जाऊ. गेमचं सूत्र खरं तर बरंच मोठं असतं, पण आपलंच छोटं सूत्र तिथे चालतंय असं समजा. नियम असा की, निघालेला आकडा दाखवलेल्या टक्केवारीपेक्षा कमी असेल तर नेम लागला, नाहीतर चुकला. आपण सेव्ह केलं तेव्हा आकडा ३५वर होता. म्हणजे पुढे ८८ आणि मग ०१ येणार आहेत. आपल्याकडे दोन सैनिक आहेत. लांबवर उभ्या स्नायपरची शक्यता ६५ टक्के, शत्रूच्या जवळ गेलेल्या असॉल्ट सैनिकाची ९० टक्के. दोघांचे शत्रू वेगवेगळे आहेत.

आधी स्नायपरने गोळी झाडली. त्याच्या वाट्याला ८८ आला. तो ६५पेक्षा मोठा, म्हणून नेम चुकला. सेव्ह फाईलमध्ये ३५ हा आकडाही साठवलेला असल्यामुळे लोड केल्यावर पुन्हा ८८च निघतो. शंभर वेळा लोड केलं तरी तेच होणार. आता क्रम बदला. आधी असॉल्ट सैनिकाला झाडू द्या. ८८ त्याच्या वाट्याला गेला. तो ९०पेक्षा लहान, म्हणून नेम लागला. मग स्नायपरला ०१ मिळाला आणि त्याचाही नेम लागला. शक्यता बदलल्या नाहीत, बदलला फक्त क्रम, आणि एका चुकीच्या जागी दोन नेम लागले. आधीच पिसून ठेवलेल्या पत्त्यांच्या गड्डीसारखं हे आहे: वरचं पान कोणतं ते ठरलेलं, ते कोणी उचलायचं एवढंच आपल्या हातात.

सेव्हमध्ये हा आकडा साठवायचा की नाही, हे गेम बनवणारे ठरवतात. तो न साठवता लोड करताना घड्याळातल्या वेळेवरून नवा सीड घेतला, तर प्रत्येक लोडला नवं नशीब मिळतं. एक्सकॉमच्या ‘सेकंड वेव्ह’ नावाच्या जादा पर्यायांमध्ये ‘सेव्ह स्कम’ असाच एक पर्याय आहे. तो चालू केला की लोड करताना सीड बदलतो. ‘सिव्हिलायझेशन ४’मध्येही नवा खेळ मांडताना अशी निवड करता येते. एखादा गेम कोणत्या प्रकारचा आहे, हे ओळखणं सोपं आहे. साधारण ५० टक्के शक्यतेच्या कृतीआधी सेव्ह करा, मध्ये दुसरं काहीही न करता तीच कृती सहा वेळा करून पाहा. सहाही निकाल सारखे आले तर सीड साठवला जातोय असं बहुतांशी समजावं. निव्वळ योगायोगाने तसं होण्याची शक्यता ३२ मध्ये १ आहे.

या दोन प्रकारांमुळे रीलोड करण्याचा अर्थच बदलतो. सीड बदलत असेल, तर ६५ टक्क्यांच्या गोळीसाठी तीन संधी घेणाऱ्या खेळाडूचा नेम एकदा तरी लागण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या वर जाते. पाच संधी घेतल्या तर ती ९९च्या पुढे. म्हणजे पडद्यावरचे ६५ टक्के आता धोका सांगत नाहीत. किती वेळ बसावं लागेल, एवढंच सांगतात. शिवाय हे पुसणं एकतर्फी असतं. २० टक्क्यांची गोळी लागली म्हणून कुणी जुनी सेव्ह उघडत नाही. आपलं दुर्दैव पुसलं जातं, सुदैव राहतं, आणि शत्रूच्या बाबतीत बरोबर उलट होतं. गेमच्या कर्त्यांनी दोन्ही बाजूंचा जो तोल साधलेला असतो, तो तिथे राहत नाही.

सीड साठवलेला असेल तर त्याच गोळीचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करून काही मिळत नाही. खेळाडूला दुसरं काहीतरी करावंच लागतं: क्रम बदलणं, आडोशाला जाणं, ग्रेनेड टाकणं, माघार घेणं. यातून शिकायला मिळतं. पण इथेही फुकटची माहिती हाती येतेच. ही गोळी चुकणार हे आता ठाऊक असतं, म्हणून वाईट आकडा कुठल्या तरी बिनमहत्त्वाच्या कृतीवर खर्च करता येतो. ‘फायर एम्ब्लेम’च्या गेम बॉय ॲडव्हान्सवरच्या गेममध्ये तर काही खेळाडू कर्सरने चालण्याचा मार्ग मुद्दाम वाकडातिकडा आखून आकडे जाळतात आणि हवा तो आकडा येईपर्यंत मालिका पुढे सरकवतात. तिथे लढाईचा डाव संपलेला असतो आणि आकडेमोडीचा सुरू झालेला असतो.

मग रीलोड केल्याने अनुभव बिघडतो का? माझ्या मते, त्या गेममध्ये अपयशानंतर खेळण्यासारखं काय ठेवलं आहे, यावर ते ठरतं. एक्सकॉममध्ये भरपूर ठेवलं आहे. जखमी सैनिक काही दिवस दवाखान्यात पडून राहतो, म्हणून पुढच्या मोहिमेत नवख्याला न्यावं लागतं. साथीदार डोळ्यांसमोर मेला की उरलेले घाबरून भलतंच काही करू शकतात. तळावरच्या स्मृतिभिंतीवर गेलेल्यांची नावं लागतात. ९० टक्क्यांची गोळी चुकली तर काय, याची तजवीज आधीच करून ठेवणं हे या खेळातलं मुख्य कौशल्य आहे. प्रत्येक चूक पुसणाऱ्या खेळाडूला यातलं काहीच भेटत नाही. त्याच्या दवाखान्यात कुणी नसतं आणि त्याला माघार घेता येत नाही, कारण ती घ्यायची वेळच कधी आलेली नसते. त्याने गेम पूर्ण केलेला असतो, पण त्यातला अर्धा भाग त्याने पाहिलेला नसतो.

याच कारणासाठी एक्सकॉममध्ये ‘आयर्नमॅन’ हा पर्याय आहे. एकच सेव्ह, आणि गेम स्वतःच ती वरचेवर लिहीत राहतो. मागे जायची सोय नाही. तो जरूर खेळावा, पण पहिल्याच खेपेला नाही. नियम अजून कळलेले नसताना झालेली हानी धोका पत्करून झालेली नसते, ती अज्ञानामुळे झालेली असते, आणि ती पुसून पुन्हा खेळण्यात काहीच वावगं नाही. दुसरं म्हणजे, ती एकुलती फाईल बिघडली किंवा गेम मध्येच अडकला, तर अनेक तासांची मोहीम जाते. तांत्रिक दोषाने घेतलेला बळी खेळाचा भाग मानायचं कारण नाही. निन्टेन्डोने २०१९ साली आणलेल्या ‘फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस’ने मधला मार्ग काढला. तिथे एका लढाईत ठरावीक वेळाच काळ मागे नेता येतो. त्यामुळे कोणती चूक पुसायची आणि कोणती सोसायची, हा निर्णयसुद्धा खेळाचाच भाग होतो.

अशी मर्यादा आपल्यालाही घालून घेता येते. सेव्ह मोहिमेच्या सुरुवातीला करावी, गोळीच्या आधी नाही. बटण चुकीचं दाबलं गेलं, नियम माहीत नव्हता किंवा गेम बिघडला तर खुशाल मागे जावं. आकडा मात्र आपल्या विरोधात पडला, तर पुढे खेळावं, निदान ती मोहीम संपेपर्यंत. संपूर्ण तुकडी गारद झाली तर मोहीम पहिल्यापासून सुरू करता येते, पण तेव्हा हाती असते ती नवी योजना, नुसता नवा आकडा नाही. हे चार-पाच मोहिमांमध्ये करून पाहिलं की फरक जाणवतो. ६५ टक्के दिसल्यावर आपण गोळी झाडण्याआधी विचारू लागतो की ही चुकली तर हा सैनिक कुठे लपेल, आणि उत्तर मिळत नसेल तर ती गोळी झाडतच नाही.