एक लिटर आधणाचा हिशेब

घरात विजेची केटल आली की एक वाद ठरलेला असतो. एक पक्ष म्हणतो, वीज महाग, गॅसवरच पाणी ठेवा. दुसरा म्हणतो, केटलमध्ये चार मिनिटांत काम होतं, गॅस उगाच जळतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. हा हिशेब स्वयंपाकघरात उभ्या उभ्या करता येण्याइतका सोपा आहे, म्हणून तो एकदा नीट मांडून बघू.

सुरुवात पाण्यापासून. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. नळाचं पाणी २५ अंशांवर असेल आणि ते १०० अंशांपर्यंत न्यायचं असेल, तर ७५ किलोकॅलरी झाल्या. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांवरच उकळतं आणि महाबळेश्वरला त्याहीआधी, त्यामुळे तिथे दोन-चार किलोकॅलरी कमी पुरतात. थंडीत नळाचं पाणी १८ अंशांवर आलं, तर सातेक जास्त लागतात. पण एकदा पाणी किती आणि किती गार हे ठरलं, की हा आकडा पक्का. खाली जाळ आहे की विजेचं कॉइल, याच्याशी पाण्याला काही देणंघेणं नाही. फरक पडतो तो या ७५ किलोकॅलरी पाण्यात पोचवताना वाटेत किती सांडतात, यात.

आता एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी, आणि घरगुती सिलिंडरमधला एक ग्रॅम गॅस जळला की सुमारे ११ किलोकॅलरी. म्हणजे काहीच वाया गेलं नाही, तर एक लिटर पाण्याला सुमारे ०.०८७ युनिट वीज किंवा जेमतेम सात ग्रॅम गॅस पुरायला हवा.

केटल या आदर्श आकड्याच्या बरीच जवळ जाते. तापणारं कॉइल तळाच्या पत्र्याला चिकटलेलं असतं आणि पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला थेट पाणीच असतं, त्यामुळे उष्णतेला पळायला वाट अशी राहत नाही. १५०० वॅटची स्टीलची केटल घेऊ. पाण्याच्या ७५ किलोकॅलरी, भांड्याचा धातू तापायला चारेक, आणि उकळी फुटल्यावर केटल बंद होईपर्यंतच्या वीसेक सेकंदांत वाफेवर सातेक. सगळं मिळून ८६, म्हणजे बरोबर ०.१ युनिट. वेळ चार मिनिटं. दिलेल्या उष्णतेपैकी ८७ टक्के पाण्यात गेली. चांगल्या केटलची कार्यक्षमता ८० ते ९० टक्क्यांच्या घरात असते ती अशी.

ती आपोआप बंद कशी होते, हेही पाहण्यासारखं आहे. आतल्या वाफेला एका नळीतून किंवा फटीतून खालच्या स्विचपर्यंत वाट दिलेली असते. तिथे दोन धातूंची जोडपट्टी असते. वाफ लागली की ती वाकते आणि स्विच पाडते. झाकण नीट लागलं नसेल तर वाफ वरच्या वर निघून जाते, पट्टीला लागतच नाही, आणि केटल उकळतच राहते. तसं एक मिनिट गेलं तरी साडेएकवीस किलोकॅलरी खर्च होऊन ४० ग्रॅम पाण्याची नुसती वाफ होते. कार्यक्षमता ८७ वरून ७० टक्क्यांवर येते. तेव्हा केटल खळखळा उकळूनही बंद होत नसेल, तर आधी झाकण पाहावं.

गॅसच्या शेगडीची गोष्ट वेगळी आहे. घरगुती शेगडीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ४२४६ मध्ये, किमान ६८ टक्के कार्यक्षमतेची अट आहे. ती पूर्ण होते, पण प्रयोगशाळेत: बर्नरला शोभेल अशा रुंद तळाच्या, झाकण असलेल्या भांड्यात. आपल्या ओट्यावर मोठ्या बर्नरवर अरुंद पातेलं, झाकण नाही आणि गॅस पूर्ण सोडलेला, असा थाट असतो. तिथे ५० टक्के पदरात पडले तरी पुष्कळ. कधी ४० सुद्धा.

हे बाकीचे ५० टक्के जातात कुठे? पुष्कळांना वाटतं, जाड भांडंच खातं. पण ४०० ग्रॅमचं स्टीलचं पातेलं २५ वरून १०० अंशांवर न्यायला चार किलोकॅलरीही लागत नाहीत. झाकण नसेल तर तापत्या पाण्यावरून उडणारी वाफ आणखी थोडी उष्णता नेते. खरी गळती आहे ती भांड्याच्या कडेने वर जाणाऱ्या गरम हवेची. एक ग्रॅम गॅस पुरता जळायला पंधरा ग्रॅमहून जास्त हवा लागते, आणि त्या हवेचा तीन चतुर्थांश भाग नायट्रोजन असतो. तो जळत नाही, नुसता तापतो आणि निघून जातो. १४ ग्रॅम गॅस जाळताना असा दोनशे ग्रॅमहून जास्त हवेचा लोट तळाला घासून वर जातो. तळाशी त्याची गाठ सेकंदाच्याही अंशापुरती पडते. तेवढ्यात जी उष्णता धातूत शिरली ती आपली, बाकीची चिमणीत नाहीतर स्वयंपाक करणाऱ्याच्या अंगावर. मे महिन्यात ओट्यापाशी उभं राहवत नाही, त्याचं मोठं कारण हेच.

म्हणून ज्वाला तळाच्या बाहेर डोकावू लागली, की गळती वाढलीच म्हणून समजा. ओळखायला उपकरण नको. पातेल्याचे कान आणि वरची कड चटका देण्याइतकी तापत असेल, तर जाळ बाजूने चढतो आहे. ज्वाला निळी न राहता पिवळी होऊन तळ काळा पडत असेल, तर बर्नरची भोकं तुंबलेली आहेत किंवा हवा कमी पडते आहे. रुंद तळाचं भांडं, झाकण आणि तळाच्या आत राहील एवढाच जाळ, एवढं केलं तरी त्याच शेगडीवर ६० टक्क्यांपर्यंत मजल जाते. जाळ मात्र फारच बारीक करू नये. पाणी वीस मिनिटं तापत राहिलं, तर तेवढा वेळ ते बाजूंनी उष्णता गमावतही राहतं.

ग्रॅममध्ये सांगायचं तर एक लिटर आधणाला ५० टक्क्यांच्या हिशेबाने १३.६ ग्रॅम गॅस लागतो आणि ६० टक्क्यांच्या हिशेबाने ११.४ ग्रॅम.

ज्यांच्याकडे पाइपचा गॅस आहे त्यांना हे घरीच तपासता येईल. मीटरवर दशांशचिन्हाच्या पुढचा तिसरा आकडा एक लिटर गॅस दाखवतो. पाणी मोजून घ्या, आधीचा आणि नंतरचा आकडा टिपा. पाइपच्या गॅसचा एक लिटर म्हणजे सुमारे साडेआठ किलोकॅलरी, त्यामुळे ५० टक्क्यांना सतरा-अठरा लिटर पडतील. विजेसाठी मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा मोजावा. पुष्कळ मीटरांवर युनिटला ३२०० लुकलुक असं लिहिलेलं असतं. घरातलं बाकी सगळं बंद ठेवून केटल लावली, तर एका लिटरला ३२० च्या आसपास भरायला हव्यात.

इथवर केटल सरळ जिंकली. पण वीज काही प्लगमध्ये तयार होत नाही. चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या केंद्रात कोळशाच्या उष्णतेचा साधारण ३५ टक्के भाग विजेत उतरतो, बाकी वाफेबरोबर आणि शीतकरणाच्या पाण्याबरोबर जातो. मग तारांमधली गळती आहे. ती १५ टक्के धरू. घरी ०.१ युनिट मिळायला केंद्रातून ०.११८ युनिट निघायला हवी, आणि त्यासाठी जवळजवळ २९० किलोकॅलरींचा कोळसा जळायला हवा. उघड्या पातेल्याखाली आपण गॅसच्या १५० जाळल्या होत्या. म्हणजे वीज कोळशाची असेल तर केटलला एकूण इंधन जवळपास दुप्पट लागतं. कार्बन डायऑक्साइडमधला फरक आणखी मोठा: गॅसमुळे सुमारे ४० ग्रॅम, कोळशाच्या विजेमुळे शंभराच्या वर. छतावर सौर पॅनेल असेल आणि पाणी दुपारी तापवत असाल, तर मात्र हा सगळा हिशेब उलटतो आणि केटलला तोड राहत नाही. जाळिताच्या जागी सूर्य आला की ८७ टक्क्यांना खरा अर्थ येतो.

एका कपाच्या बाबतीत केटल घरातही हरते. बहुतेक मोठ्या केटलना किमान पाण्याची खूण असते, ती साधारण अर्ध्या लिटरची. एका कपाला, म्हणजे १५० मिलिलिटरला, ११ किलोकॅलरी पुरतात. अर्धा लिटर तापवलं तर ४५ च्या आसपास जातात. छोट्या बर्नरवर छोटं पातेलं ठेवून ४० टक्केच साधले, तरी २८ मध्ये काम होतं. शिवाय आपला दूध-साखर घालून उकळायचा चहा केटलमध्ये होतच नाही; दूध तळाला लागून करपतं. केटलचं खरं काम म्हणजे भरपूर साधं पाणी: भातासाठी, वरणासाठी, पिण्यासाठी. केटलमध्ये आधण आणून ते कुकरमध्ये ओतलं, तर ओतताना फारसं काही वाया जात नाही.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि वाद बहुधा त्यावरूनच असतो. १४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपयांना धरला, तर ग्रॅमला ६.३ पैसे पडतात. उघड्या पातेल्यातलं आधण ८६ पैशांचं, झाकण ठेवलेलं ७२ पैशांचं. केटलला ०.१ युनिट लागते. तेव्हा वीज युनिटला ७ रुपये २० पैशांच्या आत पडत असेल तर केटल स्वस्त. ८ रुपये ६० पैशांच्या वर असेल तर गॅस स्वस्त. मध्ये असेल तर तुम्ही झाकण ठेवता की नाही यावर ठरेल.

यात एक चूक हमखास होते. लोक बिलाची एकूण रक्कम युनिटांनी भागतात आणि तो दर धरतात. महावितरणचे दर टप्प्यांचे आहेत: पहिली १०० युनिटं, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत. केटल ही घरातली जादा वीज आहे, त्यामुळे ती तुम्ही ज्या टप्प्यात पोचता त्या शेवटच्या, सगळ्यांत महाग दराने मोजायला हवी. त्या दरात वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क मिळवा. स्थिर आकार सोडा, कारण तो केटल लावली नाही तरी भरावाच लागतो. महिन्याला ऐंशी-नव्वद युनिटं वापरणाऱ्या घराचं उत्तर आणि एसी लावून साडेतीनशे ओलांडणाऱ्या घराचं उत्तर वेगळं येणार. पुढचं बिल आलं की हा शेवटच्या टप्प्याचा दर काढून बघा आणि मगच केटल की गॅस ते ठरवा.