बॅटरीवरचा पत्ता वाचताना

बॅटरीच्या दुकानात पहिला प्रश्न बहुधा ‘किती एएचची देऊ?’ असा येतो. खरं तर हा तिसरा प्रश्न असायला हवा. नवी बॅटरी जुनीच्या जागेत बसते का आणि तिचं प्लसचं टोक बरोबर बाजूला आहे का, हे आधी ठरतं. इथे तडजोड चालत नाही. एएच आणि सीसीए हे त्यानंतरचे आकडे, आणि त्यांत थोडं इकडेतिकडे चालू शकतं.

आपल्याकडच्या कितीतरी छोट्या पेट्रोल गाड्यांत सापडणारा एक क्रमांक घेऊ : ३८ बी २० एल. ही लिहिण्याची पद्धत जपानी मानकातून आली. त्यातला २० म्हणजे बॅटरीची लांबी, साधारण २० सेंटिमीटर. ‘बी’ हे अक्षर रुंदी आणि उंचीची जोडी सांगतं : रुंदी सुमारे १३ सेंटिमीटर, डब्याची उंची सुमारे २०. अक्षर बदललं की ही जोडी बदलते. ‘डी’ असेल तर उंची जवळपास तेवढीच राहते, पण रुंदी १७ सेंटिमीटरवर जाते. बी गटाच्या ट्रेमध्ये डी गटाची बॅटरी म्हणूनच बसत नाही.

सुरुवातीचा ३८ मात्र पुष्कळांना फसवतो. तो एएच नव्हे. बॅटरीच्या एकूण ताकदीचा तो एक क्रमांक आहे, त्याला एकक नाही. ३८ बी २० बॅटरी आपल्याकडे ३५ एएचची म्हणून विकली जाते आणि ५५ बी २४ बॅटरी ४५ एएचची. पहिला आकडा पाहून ‘मला ५५ एएच मिळाले’ म्हणत घरी जाणारे मनातल्या मनात १० एएच जास्त घेऊन जातात.

शेवटचं ‘एल’ सगळ्यांत लहान, पण चुकलं तर सगळ्यांत महाग. बॅटरी अशी धरा की दोन्ही टर्मिनल तुमच्या जवळच्या लांब कडेला येतील. प्लस उजव्या हाताला आला तर ती एल, डाव्या हाताला आला तर आर. एल म्हणजे लेफ्ट आणि प्लस तर उजवीकडे, हे उलटंच वाटतं. कारण मानकात ही बाजू प्लस टर्मिनलजवळच्या आखूड बाजूला उभं राहून ठरवली आहे. लक्षात ठेवायला सोपं जातं ते असं, की समोरून पाहताना एलमध्ये मायनस डावीकडे असतो. गाडीतल्या केबली बेताच्या लांबीच्या असतात. एलच्या जागी आर आणली तर प्लसची केबल बहुधा पोचत नाही, आणि मग एखादा उत्साही माणूस ती ओढूनताणून पोचवतो किंवा बॅटरीच फिरवून ठेवतो. फिरवल्यावर टर्मिनल मागच्या कडेला जातात, पट्टी नीट बसत नाही आणि ताणलेली केबल धातूच्या कडेवर घासत राहते. घाईत केबली उलट्या जोडल्या गेल्या तर क्षणात मुख्य फ्यूज जातो, अल्टरनेटरचे डायोड जळतात, कधी इंजिनाचा कंट्रोल युनिटही जातो. त्यापुढे बॅटरीची किंमत किरकोळ वाटावी.

उंचीचाही असाच प्रश्न असतो. युरोपीय पद्धतीच्या, ‘डीआयएन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांची टर्मिनलं वरच्या पातळीत खोलगट बसवलेली असतात. जपानी पद्धतीच्या बॅटरीची टर्मिनलं डब्याच्या वर उभी राहतात आणि एकूण उंची साडेबावीस सेंटिमीटरच्या आसपास भरते. डीआयएनसाठी बनवलेल्या जागेत ती घुसवली तर बॉनेट लावताना पत्रा प्लसला टेकू शकतो. शिवाय डीआयएन बॅटरी सहसा तळाच्या कडेला क्लॅम्पने धरतात, जपानी बॅटरी वरून पट्टीने. पकड सैल राहिली की खड्ड्यांत बॅटरी हलते, आतल्या प्लेटांवरचा मसाला झडतो आणि ती वॉरंटीच्या आतच बसते.

आता एएच. ३५ एएच याचा अर्थ, पूर्ण चार्ज बॅटरी पावणेदोन अँपिअरचा प्रवाह २० तास देऊ शकते. रोज चालणाऱ्या गाडीला हा आकडा फारसा जाणवत नाही, कारण सेल्फ मारताना खर्ची पडलेली वीज अल्टरनेटर लगेच भरून काढतो. जाणवतो तो गाडी उभी राहिल्यावर. घड्याळ, अलार्म, लॉकचा रिसीव्हर ही मंडळी किल्ली काढल्यावरही थोडीथोडी वीज खात असतात. समजा हा खर्च ५० मिलिअँपिअर आहे. दिवसाला सव्वा एएचला जरा कमी पडले, म्हणजे ३५ एएचच्या बॅटरीतला निम्मा साठा १५ दिवसांत संपला. ती जुनी असेल तर मे महिन्यात गावाहून परतल्यावर सेल्फ लागत नाही. ४५ एएचची घेतली तर निम्म्यापर्यंत पोचायला सुमारे १९ दिवस लागतात. वाढीव पैसे देऊन चारच दिवस मिळाले. महिनाभर गाडी उभी ठेवायची असेल तर मायनसची केबल काढून ठेवणं जास्त कामाचं.

मोठी बॅटरी अल्टरनेटरला झेपत नाही, हा गॅरेजमधला समज मात्र मला पटत नाही. अल्टरनेटर ठरावीक व्होल्टेज राखून चार्ज करतो. बॅटरी थोडी मोठी असली तर ती भरायला जरा जास्त वेळ घेते, इतकंच. ३८ बी २० च्या गाडीत ५५ बी २४ बसवायची तर अडचण चार सेंटिमीटर वाढलेल्या लांबीची. ट्रे मोजा, पट्टी पोचते का पाहा. बसत असेल तर बसवा. फक्त टर्मिनलच्या खुंटाची जाडी पाहून घ्या, कारण जपानी पद्धतीत बारीक आणि जाड असे दोन प्रकार आहेत आणि बारीक खुंटावर मोठा क्लॅम्प सैलच राहतो.

सीसीए म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअसला, ३० सेकंद, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाऊ देता बॅटरी किती अँपिअर देते. नागपुरात किंवा मडगावात उणे १८ कुठून येणार, असा प्रश्न रास्त आहे. तरी हा आकडा निरुपयोगी नाही, कारण तो बॅटरीची झटक्यात वीज देण्याची ताकद सांगतो. छोट्या पेट्रोल गाडीला ३०० च्या आसपास पुरतात. डिझेल इंजिन हवा कितीतरी जास्त दाबतं, म्हणून त्याच्या सेल्फला पुष्कळ जास्त लागतात आणि तिथे कंपनीने सांगितलेल्याहून कमी घेऊ नये. आकडे ताडून पाहताना शेजारचं मानकही वाचा. ४४ एएचच्या एकाच बॅटरीवर जुन्या डीआयएन चाचणीने २१०, तर ईएनने ३६० च्या घरातला आकडा येऊ शकतो. बॅटरी तीच, चाचणी वेगळी.

आपल्या हवेत बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. तिने आतली शिशाची जाळी लवकर गंजते. म्हणून सीसीएचा मोठा आकडा पाहून हुरळण्यापेक्षा ताजा माल मागावा. डब्यावरची उत्पादनाची तारीख दाखवायला सांगा. सहा महिन्यांहून जुनी असेल तर दुसरी मागा, आणि हातातल्या बॅटरीचं व्होल्टेज मोजून घ्या, साडेबाराच्या वर हवं.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर हा सगळा हिशेब थोडा बदलतो. तिची बॅटरी ईएफबी किंवा एजीएम प्रकारची असते आणि क्रमांकही वेगळे, उदाहरणार्थ एम ४२ किंवा एन ५५. तिच्या जागी त्याच प्रकारची घ्यावी लागते. साधी बसते, पण वारंवारच्या सुरू-बंदमध्ये लवकर जाते.

पैसे देण्याआधी एक तपासणी मात्र दुकानातच करून घ्या. इंजिन चालू ठेवून टर्मिनलवर व्होल्टमीटर लावला तर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा दिसावा. १२.५ च्या आसपासच घुटमळत असेल तर चार्जिंग होत नाहीये आणि नवी बॅटरीही काही दिवसांत तशीच उतरेल. तेव्हा आधी अल्टरनेटर दाखवा.